मूळ संख्यांची अनंतता : विसंगतीद्वारे सिद्धता

मूळ संख्या अनंत आहेत, हे संख्यासिद्धांतातील एक प्राचीन प्रमेय आहे. ग्रीक गणिती युक्लिड याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या नवव्या खंडातील विसाव्या विधानात ते सिद्ध केले. त्यामुळे यास 'युक्लिडचे प्रमेय' असेही म्हणतात. आधुनिक पाठ्यपुस्तकांत याची सिद्धता बहुधा अप्रत्यक्ष रीतीने मांडली जाते. प्रथम मूळ संख्या मर्यादित आहेत असे मानायचे, त्या सर्वांच्या गुणाकारात १ मिळवून एक संख्या रचायची आणि त्या संख्येच्या आधारे मूळ गृहीत टिकत नाही हे दाखवायचे, असा तिचा क्रम असतो.

ही सिद्धता थोडक्या ओळींत संपते. परंतु तिच्यातील रचलेल्या संख्येविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. ती संख्या स्वतः मूळ असलीच पाहिजे, असा तो समज होय. प्रत्यक्षात सिद्धतेतून तसे निष्पन्न होत नाही. रचलेली संख्या कधी मूळ असते, तर कधी संयुक्त. सिद्धता एवढेच सांगते की, तिचा कोणताही मूळ विभाजक आधीच्या यादीत नसतो.

## व्याख्या आणि पूर्वतयारी

१ पेक्षा मोठ्या ज्या नैसर्गिक संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या पहिल्या सहा मूळ संख्या होत. १ पेक्षा मोठी परंतु मूळ नसलेली संख्या ती संयुक्त संख्या. १ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही. पुढील विवेचनात १ चे हे वेगळेपण महत्त्वाचे ठरते.

सिद्धतेसाठी दोन साध्या गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात.

पहिली गोष्ट अशी : १ पेक्षा मोठ्या प्रत्येक नैसर्गिक संख्येला किमान एक मूळ विभाजक असतो. याचे कारण समजण्यास सोपे आहे. अशी एखादी संख्या घेऊन तिच्या १ पेक्षा मोठ्या विभाजकांपैकी सर्वांत लहान विभाजक निवडावा. असा विभाजक नक्कीच मिळतो, कारण दुसरा कोणताही नसला तरी ती संख्या स्वतः तिचा विभाजक असतेच. हा सर्वांत लहान विभाजक संयुक्त असता, तर त्याला त्याच्याहून लहान आणि १ हून मोठा असा विभाजक असता. तो लहान विभाजक मूळ घेतलेल्या संख्येचाही विभाजक झाला असता. मग निवडलेला विभाजक सर्वांत लहान राहिला नसता. म्हणून तो मूळच असतो.

दुसरी गोष्ट भागाकाराविषयीची आहे. एखाद्या संख्येने दोन संख्यांना निःशेष भाग जात असेल, तर त्या दोन संख्यांच्या वजाबाकीलाही तिने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, ७ ने ९१ ला आणि ७० ला भाग जातो, म्हणून २१ लाही जातो.

प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे अंकगणिताचे मूलभूत प्रमेय या सिद्धतेस लागते असे कधी कधी सांगितले जाते. ते खरे नाही. येथे मूळ विभाजक एक तरी असतो एवढेच पुरते. अवयव किती प्रकारांनी पडतात हा प्रश्न सिद्धतेत कोठेही उद्भवत नाही.

## सिद्धता

१. मूळ संख्या मर्यादित आहेत असे मानू. मग त्यांची संपूर्ण यादी लिहिता येईल. ती p₁, p₂, …, pₙ अशी असू द्या. या यादीबाहेर एकही मूळ संख्या नाही, हे आपले गृहीत होय.

२. या सर्व संख्यांचा गुणाकार P मानू आणि त्यात १ मिळवून N ही संख्या रचू :

P = p₁ × p₂ × … × pₙ
N = P + १

३. N ही १ पेक्षा मोठी आहे. म्हणून तिला किमान एक मूळ विभाजक असतो. त्यास q म्हणू.

४. गृहीतानुसार सर्व मूळ संख्या यादीत आहेत. म्हणून q ही यादीतील कोणतीतरी एक संख्या असली पाहिजे. परंतु यादीतील प्रत्येक संख्या P ची विभाजक आहे. म्हणून q ने P ला निःशेष भाग जातो.

५. q ने N ला भाग जातो आणि P लाही भाग जातो. म्हणून N − P म्हणजे १ ला q ने भाग गेला पाहिजे. परंतु कोणत्याही मूळ संख्येने १ ला निःशेष भाग जात नाही. ही विसंगती होय.

६. म्हणून पहिल्या पायरीतील गृहीत चुकीचे आहे. मूळ संख्या मर्यादित नाहीत, म्हणजेच त्या अनंत आहेत.

चौथी आणि पाचवी पायरी भागाकाराच्या भाषेतही सांगता येते. यादीतील कोणत्याही संख्येने N ला भागले, तर P हा भाग निःशेष जातो आणि मिळवलेला १ बाकी उरतो. यादीतील प्रत्येक संख्येच्या बाबतीत बाकी १ च राहते, कधीच ० होत नाही. १ मिळवण्याचे प्रयोजन हेच आहे.

## विसंगती नेमकी कोणती

वरील सिद्धतेत N मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न विचारलेलाच नाही. तिसऱ्या पायरीत N चा एक मूळ विभाजक घेतला एवढेच. N स्वतः मूळ असेल तर q म्हणजे N च. N संयुक्त असेल तर q ही तिच्याहून लहान संख्या. दोन्ही परिस्थितींत पुढील युक्तिवाद अक्षरशः तोच राहतो.

अनेक पुस्तकांत मात्र वेगळी वाट घेतलेली असते. तेथे असे म्हटलेले असते की, यादीतील कोणत्याही मूळ संख्येने N ला भाग जात नाही, म्हणून N मूळ आहे, परंतु N यादीतील सर्वांत मोठ्या संख्येहूनही मोठी असल्याने ती यादीत नाही, म्हणून विसंगती. ही मांडणी तर्कदृष्ट्या चुकीची नाही. यादीत सर्व मूळ संख्या आहेत, हे गृहीत त्या वेळी लागू असते. त्या गृहीताखाली यादीतील कोणत्याही संख्येने भाग न जाणे याचा अर्थ कोणत्याही मूळ संख्येने भाग न जाणे असाच होतो. संयुक्त संख्येला तिच्याहून लहान असा मूळ विभाजक असतो, म्हणून N संयुक्त असू शकत नाही आणि 'N मूळ आहे' हे विधान गृहीतातून रीतसर निघते.

अडचण पुढे उद्भवते. विसंगती मिळाल्यानंतर गृहीत टाकून द्यावे लागते आणि त्या गृहीताच्या आधारे काढलेली सर्व विधानेही त्याबरोबर टाकून द्यावी लागतात. 'N मूळ आहे' हे विधान त्यांपैकीच एक होय. ते चुकीच्या गृहीतावर उभे होते, म्हणून गृहीत गेल्यावर त्याला कोणताही आधार उरत नाही. वाचकाच्या मनात मात्र ते विधान बहुधा राहून जाते. पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्या मिळते, असा नियम त्यातून तयार होतो. हा नियम खोटा आहे.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. 'म्हणून N मूळ आहे' असे वाक्य दिसल्यास, त्या क्षणी यादीविषयी काय मानलेले आहे ते पाहावे. यादीत सर्व मूळ संख्या आहेत असे मानलेले असेल, तर ते वाक्य त्या सिद्धतेपुरते चालते. यादीत केवळ काही मूळ संख्या आहेत असे असेल, तर तेच वाक्य चूक ठरते.

## उदाहरण : ३००३१

गैरसमज टिकून राहण्याचे एक कारण असे की, आरंभीची उदाहरणे त्याला दुजोरा देतात. पहिल्या काही मूळ संख्या क्रमाने घेतल्यास पुढील संख्या मिळतात :

२ + १ = ३
२ × ३ + १ = ७
२ × ३ × ५ + १ = ३१
२ × ३ × ५ × ७ + १ = २११
२ × ३ × ५ × ७ × ११ + १ = २३११

या पाचही संख्या मूळ आहेत. सहाव्या वेळी मात्र चित्र बदलते :

२ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१

ही संख्या मूळ आहे की नाही हे हाताने तपासता येते. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांनी भागून पाहण्याची गरज नाही. रचनेमुळेच त्या प्रत्येकीची बाकी १ येणार हे आधीच ठाऊक आहे. म्हणून तपासणी १७ पासून सुरू करावी. १७ ने भागल्यास बाकी ९ उरते, १९ ने ११, २३ ने १६, २९ नेही १६, ३१ ने २३, ३७ ने २४, ४१ ने १९, ४३ ने १७, ४७ ने ४५ आणि ५३ ने ३३. या दहा मूळ संख्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही. त्यानंतरची मूळ संख्या ५९ आणि तिने मात्र भाग जातो :

३००३१ = ५९ × ५०९

५९ आणि ५०९ या दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणजे ३००३१ ही संयुक्त संख्या होय.

या उदाहरणाने सिद्धतेला बाध येत नाही. २ ते १३ या सहाच मूळ संख्या जगात आहेत, असे कोणी मानले असते, तर त्याला ३००३१ ही संख्या मूळ मानावी लागली असती, कारण त्या सहांपैकी कोणीही तिला विभागत नाही. प्रत्यक्षात ती मूळ नाही. चुकीच्या गृहीतातून खोटे विधान कसे निघते, याचा हा नमुना आहे. सिद्धतेने दिलेले आश्वासन मात्र येथे तंतोतंत पाळले गेले आहे. यादीबाहेरची मूळ संख्या मिळेल असे सिद्धता सांगते आणि ५९ व ५०९ अशा दोन मिळाल्या.

पुढील दोन पायऱ्यांतही संयुक्त संख्याच मिळतात. १७ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार घेतल्यास ५१०५११ मिळते आणि ती १९ × ९७ × २७७ इतकी असते. १९ पर्यंत गेल्यास ९६९९६९१ मिळते आणि ती ३४७ × २७९५३ इतकी असते. त्यानंतर २३ आणि २९ पर्यंतच्या संख्याही संयुक्तच आहेत. ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार घेतला की मिळणारी २००५६०४९०१३१ ही संख्या पुन्हा मूळ असते. अशा रीतीने मिळणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न आजही अनिर्णित आहे.

## यादी कोणतीही असू शकते

सिद्धतेचा गाभा पाहिल्यास त्यात यादी क्रमवार असण्याची अट कोठेही वापरलेली नाही. निरनिराळ्या मूळ संख्यांची कोणतीही मर्यादित यादी चालते. या मोकळिकीमुळे आणखी एक गैरसमज दूर होतो.

यादीत केवळ ३ आणि ५ घेतल्यास N = ३ × ५ + १ = १६ मिळते. १६ चा एकमेव मूळ विभाजक २ आहे. २ ही यादीत नव्हती, म्हणून ती नवी आहे. परंतु यादीतील दोन्ही संख्यांहून ती लहान आहे. यादीत ५ आणि ७ घेतल्यास N = ३६ मिळते आणि तिचे मूळ विभाजक २ व ३ असतात. येथेही दोन्ही नव्या संख्या यादीतील संख्यांहून लहान आहेत. यादीत ३, ५ आणि ७ घेतल्यास N = १०६ = २ × ५३. यांपैकी एक विभाजक यादीतील सर्व संख्यांहून लहान, तर दुसरा मोठा आहे.

म्हणजे नवी मूळ संख्या यादीहून मोठी असते, असे सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. तसे म्हणता येण्यासाठी यादीत एका मर्यादेपर्यंतच्या सर्व मूळ संख्या असाव्या लागतात. १३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या यादीत घेतल्या, तर यादीबाहेरची कोणतीही मूळ संख्या आपोआपच १३ हून मोठी असते. यास कारण यादीची निवड आहे, रचलेल्या संख्येचा आकार नव्हे.

## युक्लिडची मांडणी

युक्लिडने आपले विधान 'मूळ संख्या अनंत आहेत' अशा शब्दांत केलेले नाही. मूळ संख्यांचा कितीही मोठा समूह दिला, तरी त्याहून अधिक मूळ संख्या असतात, असा त्याच्या विधानाचा आशय आहे. तो संख्या रेषाखंडांच्या रूपाने दर्शवतो आणि नमुन्यादाखल तीनच मूळ संख्या घेतो. त्या तिन्हींनी मोजली जाणारी सर्वांत लहान संख्या, म्हणजे आजच्या भाषेत त्यांचा लसावि, तो घेतो आणि त्यात एकक मिळवतो. निरनिराळ्या मूळ संख्यांचा लसावि त्यांच्या गुणाकाराइतकाच असल्याने ही रचना वर दिलेल्या रचनेसारखीच होय.

यानंतर तो दोन शक्यता वेगवेगळ्या तपासतो. मिळालेली संख्या मूळ असेल, तर दिलेल्या तीन संख्यांखेरीज चौथी मूळ संख्या सापडली. ती मूळ नसेल, तर सातव्या खंडातील एकतिसाव्या विधानानुसार कोणतीतरी मूळ संख्या तिला मोजते. ही मोजणारी संख्या दिलेल्या तिन्हींपैकी असू शकत नाही. असती, तर तिने उरलेल्या एककालाही मोजले असते, आणि ते अशक्य आहे. म्हणून याही वेळी नवी मूळ संख्या सापडते. रचलेली संख्या संयुक्त असू शकते, ही शक्यता युक्लिडने अशा रीतीने स्पष्टपणे विचारात घेतली होती.

या मांडणीत मूळ संख्या मर्यादित आहेत असे गृहीत कोठेही धरलेले नाही. दिलेल्या यादीपासून नवी मूळ संख्या मिळवण्याची ती एक कृती आहे. 'अशक्य आहे' हा युक्तिवाद तीत येतो, परंतु तो केवळ 'नवी संख्या यादीतलीच असेल काय' या छोट्या प्रश्नापुरता मर्यादित आहे. म्हणून युक्लिडची मूळ सिद्धता संपूर्णतः अप्रत्यक्ष होती असे म्हणणे बरोबर नाही. मायकल हार्डी आणि कॅथरीन वुडगोल्ड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या मुद्द्याकडे लक्ष वेधले आणि अप्रत्यक्ष मांडणीमुळे रचलेली संख्या मूळच असते असा चुकीचा समज कसा होतो, हेही दाखवले.

इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या १९४० सालच्या पुस्तकात ही सिद्धता अप्रत्यक्ष सिद्धतेचा नमुना म्हणून दिली आहे. तथापि त्यांनीही रचलेली संख्या मूळच आहे असे म्हटलेले नाही. ती स्वतः मूळ नसल्यास तिला एखादी मूळ संख्या विभागते, अशीच त्यांची मांडणी आहे. यावरून दिसते की, दोष विसंगतीच्या पद्धतीत नाही. त्या पद्धतीतून काय हाती ठेवायचे आणि काय सोडायचे, याचे भान सुटल्यास तो निर्माण होतो.

युक्लिडचा ग्रंथ भारतात संस्कृतमध्ये आला तो अठराव्या शतकात. जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी आवृत्तीवरून 'रेखागणित' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात पंधरा अध्याय आहेत.

## कृती पुन्हा पुन्हा केल्यास

युक्लिडची कृती नवी मूळ संख्या देते. म्हणून ती संख्या यादीत घालून कृती पुन्हा करता येते. दर वेळी N च्या मूळ विभाजकांपैकी सर्वांत लहान विभाजक यादीत घ्यावा, असा नियम ठरवू आणि २ पासून आरंभ करू.

२ + १ = ३, म्हणून ३ यादीत येते.
२ × ३ + १ = ७, म्हणून ७ येते.
२ × ३ × ७ + १ = ४३, म्हणून ४३ येते.
२ × ३ × ७ × ४३ + १ = १८०७ = १३ × १३९, म्हणून १३ येते.
२ × ३ × ७ × ४३ × १३ + १ = २३४७९ = ५३ × ४४३, म्हणून ५३ येते.

आता यादीतील सहा संख्यांच्या गुणाकारात १ मिळवल्यास १२४४३३५ मिळते. तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक ५ आहे. म्हणजे ४३ आणि ५३ आल्यानंतर, सातव्या स्थानी ५ यादीत येते. या क्रमिकेस अमेरिकन गणिती अल्बर्ट मलिन यांच्या नावावरून युक्लिड–मलिन क्रमिका म्हणतात. त्यांनी १९६३ साली तिच्याविषयी प्रश्न विचारला होता.

या क्रमिकेत एकच मूळ संख्या दोनदा येत नाही आणि ती कधी थांबत नाही, हे युक्लिडच्या युक्तिवादानेच सिद्ध होते. प्रत्येक मूळ संख्या तिच्यात कधी ना कधी येते काय, हा मलिन यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ११ ही संख्या बाराव्या स्थानी येते. ४१ कधी येईल किंवा येईल की नाही, हे ठरलेले नाही. मूळ संख्या अनंत वेळा मिळत राहणे आणि सर्व मूळ संख्या मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्धता पहिलीचीच हमी देते.

## सिद्धतेची व्याप्ती आणि मर्यादा

रचलेल्या संख्येवरून पुढील मूळ संख्या कोठे असेल याचा अंदाज फार ढोबळ मिळतो. नवी मूळ संख्या N हून मोठी नसते, एवढेच तिच्यावरून कळते. १३ पर्यंतच्या यादीसाठी ही मर्यादा ३००३१ आहे, तर पुढील मूळ संख्या १७ वरच भेटते. मूळ संख्या किती दाट आहेत, हे समजण्यास वेगळी साधने लागतात. १ पेक्षा मोठी कोणतीही नैसर्गिक संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असते, असे अनुमान जोसेफ बर्ट्रांड यांनी १८४५ साली मांडले. पाफ्नुती चेबिशेव्ह यांनी १८५२ साली ते सिद्ध केले. त्यानुसार १३ च्या पुढील मूळ संख्येसाठी २६ च्या पलीकडे जावे लागत नाही.

रचना किंचित बदलून काही विशिष्ट प्रकारच्या मूळ संख्याही अनंत आहेत, हे दाखवता येते. ४ ने भागल्यास ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या घ्या : ३, ७, ११ इत्यादी. अशा संख्यांची एखादी मर्यादित यादी घेऊन त्यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तीतून १ वजा करावा. मिळालेल्या संख्येला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. ही संख्या विषम असल्याने तिचे सर्व मूळ विभाजक विषम असतात, म्हणजे त्यांची बाकी १ किंवा ३ असते. बाकी १ असणाऱ्या संख्यांचा परस्परांशी गुणाकार केला तर बाकी १ च राहते. म्हणून किमान एका विभाजकाची बाकी ३ असलीच पाहिजे आणि तो विभाजक यादीबाहेरचा असतो. ३, ७ आणि ११ ही यादी घेतल्यास ४ × २३१ − १ = ९२३ = १३ × ७१ मिळते. १३ ची बाकी १ आहे, ७१ ची बाकी ३ आहे. येथे ७१ ही हवी तशी नवी संख्या होय.

४ ने भागल्यास १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांसाठी हीच युक्ती १ मिळवून करू गेल्यास ती फसते. यादीत केवळ ५ असल्यास ४ × ५ + १ = २१ मिळते. २१ ची बाकी १ आहे, परंतु तिचे मूळ विभाजक ३ आणि ७ आहेत आणि त्या दोघांचीही बाकी ३ आहे. बाकी ३ असणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकार केला की बाकी १ येते; म्हणून रचलेल्या संख्येची बाकी १ असली तरी तिच्या विभाजकांची बाकी १ असेल असे नाही. अशा मूळ संख्याही अनंतच आहेत, पण त्यासाठी वेगळी रचना करावी लागते. यादीतील संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिच्या वर्गात १ मिळवल्यास काम होते, कारण तशा संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाची बाकी १ असते. ५ या यादीवरून अशा रीतीने १० × १० + १ = १०१ ही मूळ संख्या मिळते. ज्यांच्या आरंभसंख्येचा आणि सामान्य फरकाचा मसावि १ आहे, अशा सर्व अंकगणिती श्रेढींसाठी हा प्रश्न पीटर गुस्ताव लजन डिरिक्ले यांनी १८३७ साली सोडवला. त्यांची सिद्धता मात्र युक्लिडच्या रचनेवर आधारलेली नाही.